तिसऱ्या चढाईचा मथळा

चौदा डिसेंबर, रविवार. दुपारी मी स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होते. जुड्या दोन, आणि खाली पसरलेलं कालचं आमच्याच दैनिकाचं खेळाचं पान. आपण लावलेल्या पानावर आपणच मेथीची देठं टाकायला मला कधी जड गेलेलं नाही. कालच्या पानाचा आज तेवढाच उपयोग असतो. निवडता निवडता नजर एका मथळ्यावर गेली आणि तो एका शब्दाने लांब झाल्याचं लक्षात आलं. ही खोड घरच्यांना सवयीची आहे. जेवताना पोळीखालच्या कागदावरचे मथळेही मी दुरुस्त करते.

तेवढ्यात फोन वाजला. श्रीगोंदा तालुक्यातले आमचे वार्ताहर होते. गावातल्या एसटी स्टँडसमोर त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, औषधं विकता विकता ते बातम्या देतात. तरुणपणी स्वतः कबड्डी खेळलेले, त्यामुळे कबड्डी म्हटलं की त्यांचा आवाज दोन पट्ट्या वर जातो.

"ताई, फायनलला गेलो आपन! कुमारी गट! पान मोठं ठेवा आज."

"पान आहे तेवढंच असतं हो. सामना किती वाजता?"

"संध्याकाळी पाचला. मोबाईलवर लाईव्ह दाखवत्यात. आपल्या गावची पोरगी चढाईला हाय, ताई. गाव दुकानात बसलंय माझ्या."

ही पोरगी मला माहीत होती, म्हणजे पानावरून माहीत होती. जिल्हा संघाची मुख्य चढाईपटू. वडील टेम्पो चालवतात. ती जिल्हा संघात गेल्यापासून गावच्या शाळेमागच्या मैदानावर संध्याकाळी बारक्या मुलींची गर्दी व्हायला लागली, अशी एक छोटी बातमी याच वार्ताहरांनी पाठवली होती आणि मी ती फोटोसह लावली होती.

मेथी अर्धी झाली होती. बाकीची कागदासकट गुंडाळून बाजूला ठेवली, "उरलेली कोणीतरी निवडा" असं घरात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं आणि स्कूटर काढली. कोणी निवडणार नाही हे मला माहीत होतं.

आमच्या कार्यालयात खेळाचं पान म्हणजे मी आणि एक संगणक. माझ्या समोरच्या टेबलावर वेब डेस्क, म्हणजे तिशीतला एक उत्साही गृहस्थ आणि त्याचे दोन पडदे. एकावर तो बातम्या टाकतो, दुसऱ्यावर त्या बातम्या किती जण वाचतात त्याची रेघ वरखाली होत असते. तो त्या रेघेकडे आजाऱ्याच्या नाडीसारखा बघतो. काचेच्या केबिनमध्ये संपादक. त्यांना आम्ही साहेब म्हणतो. त्यांचा मुख्य नियम एकच: आठ वाजता डाक आवृत्ती सुटली पाहिजे. डाक आवृत्ती म्हणजे तालुक्यांना जाणारा अंक. तो आधी छापतात, कारण तो लांब जायचा असतो. शहराचा अंक नंतर, त्यात चुका दुरुस्त करता येतात. गावांना आमच्या चुका तशाच मिळतात, म्हणून मी डाक आवृत्तीला जास्त भिते.

सामना आम्ही तिघांनी वेबवाल्याच्या पडद्यावर पाहिला. तिसरे साहेब. ते "दोन मिनिटं" म्हणून आले आणि खुर्ची ओढून बसले. मध्यंतराला नगर पार मागे होतं. साहेब म्हणाले, "चार ओळींची बातमी कर." उत्तरार्धात आमच्या मुलींनी लोण दिला, म्हणजे समोरचा सगळा संघ बाद केला, आणि साहेब म्हणाले, "फोटो मागव." अठ्ठावीस-अठ्ठावीस झाल्यावर त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. शेवटचे सेकंद उरले होते. श्रीगोंद्याची पोरगी चढाईला गेली, डाव्या कोपऱ्याकडे झेपावली, कोपऱ्यातलीने घोटा धरला आणि बाकीच्या तिच्यावर पडल्या. शिट्टी वाजली. अठ्ठावीस-एकोणतीस.

"अरेरे," साहेब म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

आता माझं काम सुरू झालं. थोडक्यात हरलेल्या सामन्याचा मथळा देणं हे जिंकलेल्या किंवा सपाटून हरलेल्या सामन्यापेक्षा अवघड. जिंकल्यावर 'जिंकले' म्हटलं की भागतं. एका गुणाने हरल्यावर मात्र डेस्कवरच्या माणसाच्या हातून तीनपैकी एक गोष्ट होते. तो 'निसटता पराभव' लिहितो, जे गेली कित्येक वर्षं सगळेच लिहितात आणि त्यातून कोणता सामना ते कळत नाही. नाहीतर 'हरल्या, पण मने जिंकली' लिहितो. मनं कोणाची जिंकली, कधी मोजली, ते कोणी विचारत नाही. हे दोन्ही मी माझ्या पानावर बंद केले आहेत. तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी, की दोषी शोधायचा.

वार्ताहरांची बातमी आली तीच मुळी मथळ्यासकट: 'पंचांनी केला घात, नगरच्या लेकींच्या तोंडचा घास पळवला'.

मी फोन लावला. मागे दुकानातला गलका ऐकू येत होता.

"पंचांनी काय केलं?"

"ताई, ती घोटा सोडवून मध्यरेषेकडं निघाली व्हती! अख्ख्या गावानं बघितलंय!"

"मीपण बघितलंय. निघाली नव्हती, तीन जणी अंगावर होत्या. आपल्या संघाने तक्रार केली का? लेखी?"

"न्हाई. कोच म्हनला, जाऊ द्या."

"कोच म्हणतो जाऊ द्या आणि आपण म्हणायचं घात केला?"

"तुमी लई कडक बोलता, ताई."

"बोलते. मध्यंतराला तुम्ही नऊ गुणांची पिछाडी लिहिलीय. माझ्या आठवणीप्रमाणे आठ. गुणपत्रकाचा फोटो कोचकडून मागवा."

"मागवतो. पर एक बोलू का?" आवाज एकदम खाली आला. गलका मागे पडला. बहुतेक ते दुकानाबाहेर आले असावेत. "पोरी रातीच्या गाडीनं निघनार हायेत. सकाळी ती हितं स्टँडवर उतरनार. म्हंजे फलकाच्या म्होरंच."

हा फलक सांगितला पाहिजे. त्यांच्या दुकानाच्या भिंतीवरच, स्टँडकडे तोंड करून, काळा रंगवलेला वार्ताफलक आहे. रोज सकाळी अंक आला की आमचे वार्ताहर स्वतः खडूने त्यावर त्या दिवसाचा मोठा मथळा लिहितात. अंक विकत न घेणारं गाव तो वाचून जातं. शाळेची मुलं वाचतात, दुधाच्या डेअरीवर जाणारे वाचतात, कारखान्याकडे ऊस नेणारे ट्रॅक्टरवरून मान वळवून वाचतात. दिवसभर ट्रॉल्यांची धूळ बसून तो फिका होतो, पण संध्याकाळपर्यंत पुसत नाहीत, हा त्यांच्या गावचा रिवाज. आमचा मथळा दुसऱ्या दिवशी रद्दी होतो. त्या गावात तो दिवसभर स्टँडसमोर उभा असतो.

"बरं मग?"

"मग काय, ताई. तुमच्या वेबवर काय टाकलंय बघा. गावच्या ग्रुपवर फिरतंय ते. तिचे चुलते हितं बसल्यात, ते म्हनाले, बास झालं आता खेळनं, नाव घालवलं. ग्राऊंडवर येनाऱ्या बाकीच्या पोरींचे बापबी तेच बोलाय लागलेत. म्हनून मी पंचांचं लिवलं. कुनाच्या तरी डोक्यावर खापर फोडायलाच पाहिजे ना."

मी समोरच्या टेबलावर पाहिलं. वेबवाल्याच्या पडद्यावर ठळक अक्षरांत होतं: 'जिंकलेला सामना हातातून गेला! शेवटच्या चढाईत "तिने" असं काही केलं की...' तीन टिंबं. खाली त्या पोरीचा पडलेला फोटो. आणि शेजारच्या पडद्यावरची रेघ उभी चढत होती.

"हे कधी टाकलंस?"

"लगेच. मॅडम, बघा ना, काय चाललंय! आठवड्यातली सगळ्यात वरची बातमी आहे."

"जिंकलेला सामना कुठे होता? बरोबरी होती."

"बोलायची पद्धत असते."

"आणि तिने असं काय केलं?"

"म्हणजे... पकडली गेली."

"मग तेच लिही. 'शेवटच्या चढाईत पकडली गेली.' टिंबं कशाला?"

"टिंबं काढली तर कोण उघडेल?"

ही मात्र प्रामाणिक गोष्ट होती. मला त्याचा राग येत नाही. त्याला रेघ दाखवावी लागते, मला दाखवावी लागत नाही. पण खालचे अभिप्राय मी वाचले. 'गपचूप परत यायचं ना', 'बरोबरीत होती ना, मग हिरोगिरी कशाला', 'जादा डाव मिळाला असता'. त्याहून वाईटही होते, ते इथे लिहीत नाही. सगळ्यांचा सूर एकच: अठ्ठावीस-अठ्ठावीस असताना ती रिकामी परत का आली नाही?

आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही पडला होता. प्रश्न चुकीचा नव्हता. वाचकाला तो पडणारच. त्याचं उत्तर बातमीत नसेल तर वाचक आपलं उत्तर आपण तयार करतो, आणि ते नेहमी खेळाडूच्या विरुद्ध असतं. मी वार्ताहरांची बातमी पुन्हा वाचली. पंचांना दोन परिच्छेद होते. त्या चढाईला एकच वाक्य: 'अखेरच्या चढाईत तिची पकड झाली.'

वेबवाल्याला म्हटलं, "थेट प्रक्षेपण मागे ने."

"किती मागे?"

"आपल्या आधीच्या चढाईपर्यंत. आणि तिच्याही आधीच्या."

त्याने रेघेवरची नजर काढून प्रक्षेपण मागे नेलं. शेवटच्या आधीची आमची चढाई: दुसरी एक मुलगी गेली, कोणाला न शिवता परत आली. गुण नाही. तिच्या आधीची: पुन्हा रिकामी. मधल्या समोरच्यांच्या चढायाही रिकाम्या, कारण बरोबरीत कोणीच धोका घेत नव्हतं.

"दोन रिकाम्या," मी म्हटलं.

"मग?"

"म्हणजे शेवटची तिसरी."

त्याला कबड्डीतलं फारसं कळत नव्हतं, तेव्हा सांगावं लागलं. एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो. रिकामं परत आलं तरी चढाईपटू बाद, आणि समोरच्याला एक गुण.

"म्हणजे गपचूप परत आली असती तरी..."

"अठ्ठावीस-एकोणतीसच. आणि समोर किती जणी होत्या ते मोज."

त्याने चित्र थांबवून मोजलं. "पाच."

"सहा असत्या तर बोनस रेषा ओलांडून गुण घेता आला असता. पाचांत बोनस नाही. कोणाला तरी शिवून परत येणं एवढा एकच रस्ता होता. ती त्याच रस्त्याने गेली."

त्याने पडद्यावर बोट ठेवून पुन्हा मोजलं. मग म्हणाला, "आयला."

डोळ्यांनी पाहिलं तरी छापण्याआधी एकदा विचारायचं, ही सवय. कोचला फोन लावला. ते बसमध्ये सामान चढवत होते. "तिसरीच होती, मॅडम. मीच बाहेरून ओरडलो, तिसरी आहे, गुण आण. तिला दोष देऊ नका, मीच पाठवली." सामन्याच्या गुणलेखकांचा नंबरही त्यांनीच दिला. गुणलेखकांनी एका वाक्यात "हो, तिसरी" म्हणून फोन ठेवला. त्यांनाही घरी जायचं होतं.

मग वार्ताहरांना पुन्हा फोन.

"ती तिसरी चढाई होती."

"व्हय, तिसरीच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हंजे काय, ताई! कबड्डी खेळलोय मी."

"मग बातमीत का नाही लिहिलं?"

"ते काय लिवायचं? सगळ्यांना म्हाईत असतंय."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"मैदानावरल्या सगळ्यांना."

"दुकानात बसलेल्या तिच्या चुलत्यांना माहीत आहे?"

फोनमधून त्यांनी तिथेच हाक मारलेली ऐकू आली. "ओ नाना! तिसऱ्या चढाईचं म्हाईत हाय का तुमाला?" लांबून काहीतरी उत्तर आलं. वार्ताहर परत फोनवर आले. "न्हाई म्हनत्यात."

"मग सांगा त्यांना. आणि मला गुणपत्रक पाठवा, वेळ होत आलीय."

असं होतं. खेळलेला माणूस जे सगळ्यात पक्कं माहीत असतं तेच लिहायचं विसरतो. पंचांवर त्याने दोन परिच्छेद खर्च केले आणि 'तिसरी चढाई' या ज्या दोन शब्दांनी पोरीची बाजू उभी राहत होती, ते शब्द उघड आहेत म्हणून सोडून दिले.

गुणपत्रकाचा फोटो आला. मध्यंतर: नऊ-सतरा. पिछाडी आठची. नऊ हा आपला स्वतःचा आकडा होता, वार्ताहरांनी तोच पिछाडीला लावून टाकला होता.

आता मथळा. चार कॉलम, एक ओळ, वर बारीक ओळ, खाली एक उपमथळा. जिल्ह्याचं नवं नाव आल्यापासून डेस्कवर एवढीच अडचण झाली आहे, की पूर्वी तीन अक्षरांत 'नगर' लिहून काम भागायचं, आता जागा जास्त लागते. म्हणून मी नाव वरच्या बारीक ओळीत टाकते आणि मुख्य ओळ मोकळी ठेवते.

आधी लिहिलं: 'तिसऱ्या चढाईने घात केला'. खोडलं. चढाईने घात केला नाही, समोरच्या कोपऱ्यातलीने चांगली पकड केली. जिंकणाऱ्या मुलीही कुठून तरी आल्या होत्या, त्यांच्याही गावात फलक असतील.

मग: 'झुंजार नगर एका गुणाने पराभूत'. झुंजार हे माझं मत. खरं असलं तरी मतच. जे घडलं ते सांगितलं तर झुंजार आहेत हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. खोडलं.

मग विचार केला, या सामन्यातच असं काय आहे जे दुसऱ्या कोणत्या सामन्यात नाही? आठने मागे होत्या, बरोबरीत आल्या, एकाने हरल्या. तेवढंच लिहिलं:

'आठ गुण भरून काढले, एक राहिला'

वर बारीक ओळ: 'राज्य कबड्डी : अहिल्यानगरच्या कुमारी उपविजेत्या'. खाली उपमथळा: 'अखेरची चढाई तिसरी, रिकामे परतणेही बादच ठरले असते'. बातमीचा दुसरा परिच्छेद मी तिसऱ्या चढाईच्या नियमाचा केला, पंच काढून टाकले, आणि पडलेल्या फोटोऐवजी लोण दिल्यावर उड्या मारणाऱ्या सगळ्या मुलींचा फोटो लावला. हरल्याची बातमी होती, पण तो फोटो त्याच सामन्याचा होता, म्हणून चालला. फोटोखाली 'उत्तरार्धात लोण दिल्यानंतर' असं स्पष्ट लिहिलं, नाहीतर कोणाला वाटलं असतं जिंकल्या.

साहेब केबिनमधून आले, पान उभ्याउभ्या वाचलं.

"मथळ्यात 'पराभव' नाही."

"'एक राहिला' म्हणजे काय झालं?"

"हरले."

"कळलं ना तुम्हाला?"

"मला कळलं. वाचकाला?"

"वरच्या ओळीत उपविजेत्या आहे. आणि बातमीच्या पहिल्या वाक्यात अठ्ठावीस-एकोणतीस."

ते पुन्हा वाचत राहिले. घड्याळ आठकडे चाललं होतं आणि मला माहीत होतं की आता ते घड्याळाच्या बाजूने जाणार. "सोड," ते म्हणाले. जाता जाता वेबवाल्याच्या टेबलाशी थांबले. "तुझं काय ते टिंबाटिंबाचं?"

"बघतोय, साहेब."

"वाद नको. आकडे हवेत." आणि केबिनचं दार लागलं. साहेबांचं हे वाक्य दोन्ही बाजूंना लागू पडतं, म्हणूनच ते साहेब आहेत.

वेबवाल्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "मॅडम, तुमचा मथळा वेबवर चालणार नाही. आठ काय, एक काय, मोबाईलवर कोणाला कळणार? तिथे वरची ओळ दिसत नाही."

"बरोबर आहे." खरंच बरोबर होतं. कागदावर वाचकाला सगळं एकदम दिसतं. मोबाईलवर एकच ओळ त्याच्या पुढ्यात पडते. "मग तू कर. अट एकच. प्रश्न विचारलास तर उत्तर तिथेच द्यायचं."

"उत्तर दिलं तर उघडतील कशाला?"

"करून तर बघ."

तो पुटपुटत बसला. मी डाक आवृत्तीचं पान सोडलं, चहा सांगितला. चहा येईपर्यंत त्याने तीन-चार ओळी लिहून खोडल्या. मग म्हणाला, "हे बघा." पडद्यावर होतं:

'२८-२८ असताना ती रिकामी का परतली नाही? कारण ती तिसरी चढाई होती'

मी दोनदा वाचलं. लोकांच्या तोंडचाच प्रश्न, आणि उत्तर त्याच ओळीत. माझ्याकडून एवढं सरळ झालं नसतं.

"छान आहे."

"खरंच?"

"टाक. आणि जुनं बदललं हे खाली एका ओळीत लिही."

"तेही लिहायचं?"

"लोकांच्या फोनवर जुनं पोचलंय ना? ते परत येतं का?"

"नोटिफिकेशन गेलं ते गेलं."

"मग लिही."

त्याने लिहिलं: 'या बातमीचा आधीचा मथळा चुकीचा होता, सामना बरोबरीत होता.' रेघ खाली आली. पहिल्याइतकी ती पुन्हा चढली नाही, हेही सांगते, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. पण अभिप्राय बदलले. 'गपचूप परत यायचं ना' म्हणणाऱ्याला दुसऱ्या कोणीतरी खाली नियम समजावला. त्याला तिसऱ्याने विचारलं, मग आधीच्या दोन चढाया रिकाम्या का घालवल्या. त्यावर चौथा. वेबवाला हसायला लागला. "मॅडम, आता भांडण नियमावर चाललंय."

"त्यावर खुशाल भांडू देत."

निघता निघता मी वार्ताहरांना संदेश पाठवला: फलकावर मथळा जसाच्या तसा. उपमथळ्यासकट. त्यांनी अंगठा पाठवला. घरी आले तर मेथी होती तिथेच, कागदात गुंडाळलेली. मी ती फ्रिजमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसवर चहा ठेवला आणि अंक उघडण्याआधी फोन उघडला. फलकाचा फोटो आलेला होता. वार्ताहरांचं अक्षर मोठं, गोल. 'आठ गुण भरून काढले, एक राहिला' एका ओळीत नीट बसवलेलं. खाली उपमथळा. आणि त्याच्याही खाली, लाल खडूने, जाड अक्षरांत: 'पंचांचा धिक्कार असो!!'

मी तिथल्या तिथे फोन लावला.

"ताई, बघितलं का? आवडलं का?"

"लाल काय आहे ते?"

"ते माझं मत हाय."

"फलकावर वर आपल्या अंकाचं नाव आहे ना?"

"हाय."

"मग ते अंकाचं मत झालं. पुसा."

"ताई, सकाळपासून लोक वाचून वा वा म्हनत्यात त्याला."

"म्हणू देत. पुसा. मी फोनवर आहे."

बादलीचा आवाज आला. ओलं फडकं भिंतीवर फिरल्याचा आवाज आला. "उपमथळा सांभाळून," मी म्हटलं. "सांभाळतोय, सांभाळतोय," ते म्हणाले, आणि मग एकदम, "थांबा थांबा, ताई, गाडी आली!"

मी कानाला फोन लावून थांबले. चहा उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक केला. पलीकडे एसटीचं इंजिन, माणसांचा गोंधळ, कोणीतरी हलगी आणली होती तिचा कडकडाट. हलगी कोणाची विचारलं असतं, पण वार्ताहर ऐकायच्या मनस्थितीत नव्हते. बऱ्याच वेळाने ते फोनवर आले.

"उतरली. फलक वाचला तिनं. लई वेळ वाचत व्हती."

"काय म्हणाली?"

"म्हनाली, 'बराबर लिवलंय.' मग चुलत्याकडं बॅग दिली आन म्हनाली, 'झोपते. संध्याकाळी ग्राऊंडवर येते, पोरींना सांगा.'"

"चुलते काय म्हणाले?"

"ते काय म्हननार. बॅग घेऊन चालले पुढं. जाता जाता मला विचारत व्हते, सहा जणी असत्या तर बोनस मिळाला असता न्हवं का?"

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, व्हय नाना, मिळाला असता."

"पुसलं का सगळं?"

"पुसलं, ताई. पुसलं. फोटो धाडू का?"

"धाडा," मी म्हटलं.

फोटो आला. लाल ओळ गेली होती, ओल्या भिंतीवर गुलाबी डाग तेवढा उरला होता. उपमथळ्यातल्या 'ठरले असते'वर जरा पाणी लागलं होतं, पण वाचता येत होतं. चहा गाळला, फ्रिजमधून मेथी काढली, त्या दिवशीचं खेळाचं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून संपवलं, एक चूक सापडली ती डाक आवृत्तीतही गेली होती का ते फोनवर बघितलं, आणि मग मेथी गुंडाळलेला तोच जुना कागद खाली पसरून उरलेली जुडी निवडायला बसले.